पावसाच्या चित्रातला आडोसा

माझा धंदा काय, हे मला आजवर कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. लग्नात सासऱ्यांनी त्यांच्या पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, "जावई कॉम्प्युटरवर इमारती बांधतात." त्यावर एका पाहुण्यानं गंभीरपणे विचारलं, "मग वाळू कुठली वापरता?" तेव्हापासून मी एवढंच सांगतो की जी इमारत अजून बांधलेली नाही तिचा फोटो मी काढतो. आमच्यात त्याला रेंडर म्हणतात. आर्किटेक्ट नकाशे देतो, मी त्यावरून कॉम्प्युटरमध्ये इमारत उभी करतो, तिला दगड-काच-रंग चढवतो, वर आभाळ लावतो आणि चित्र काढून देतो. ते चित्र मग साइटवरच्या मोठ्या फलकावर झळकतं आणि लोक फ्लॅट बुक करतात.

गेली कित्येक वर्षं सांगलीत बसून मी ऊन विकत आलो. खरंच सांगतो, ऊनच. प्रत्येक बिल्डरला तेच हवं असतं: निळं आभाळ, कापसासारखे दोन ढग, कुणीही कधी पाणी न घालता हिरवीगार राहिलेली हिरवळ, एक पांढरी गाडी आणि फुगा घेतलेलं एक गोरं पोरगं. ते पोरगं मी विश्रामबागपासून कुपवाडपर्यंत सगळीकडं उभं केलंय. एप्रिलमध्ये ज्या उन्हात कुत्रं रस्ता ओलांडत नाही, त्या उन्हात ते फुगा धरून हसत असतं.

अशा सुखाच्या संसारात ती सातारची आर्किटेक्ट आली. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, माहेर मेढ्याच्या बाजूचं, डोंगरातल्या धो धो पावसाचं, वडील फौजेतून निवृत्त झालेले. मला दादा म्हणते आणि बोलते मात्र माझ्या आत्यासारखी. मिरजेत एका मोठ्या हॉस्पिटलसमोर एक इमारत व्हायची होती, खाली दुकानं, वर फ्लॅट. तिचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. त्या इमारतीच्या पुढच्या बाजूनं, फुटपाथला लागून, तिनं चांगली रुंद पडवी काढली होती. वर स्लॅब, खाली फुटपाथचाच काळा दगड सलग आत आलेला, मध्ये पायरी नाही. कुणीही यावं आणि उभं राहावं.

पहिलं रेंडर मी माझ्या सवयीनं केलं. दुपार कलतीची, खणखणीत ऊन. ते घेऊन आम्ही दोघं सांगलीला मालकांच्या ऑफिसात गेलो. मालक म्हणजे बिल्डर, मूळचे उंब्रजकडचे, उसाचे बागायतदार. बोलायला मोकळे, पण निर्णय त्यांचा नसायचा. तो त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. बुकिंगला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वहिनीच सांभाळायच्या, त्यामुळं कुठली गोष्ट विकली जाईल हे त्यांना आमच्या आधी कळायचं.

वहिनींनी चित्र पाहिलं आणि पडवीवर बोट ठेवलं. "हे काय? भुयार हाय व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. कडक उन्हात स्लॅबची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. बाहेरचा फुटपाथ पांढरा फक आणि आतली पडवी काळीकुट्ट. तिच्यात काय आहे ते ओळखू येत नव्हतं. मालकांना तेवढंच निमित्त पुरलं. "मॅडम, मी काय म्हणतो, ही जागा उगंच वाया घालवण्यापरीस दोन गाळं काढू. समोर हॉस्पिटल. एकात मेडिकल, दुसऱ्यात बी मेडिकल."

तिचा चेहरा पडला. एरवी आत्यासारखी बोलणारी ही बाई नकाशाची गुंडाळी करायला लागली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "दुसरं चित्र बघा आणि मग ठरवा."

खाली चहाच्या गाड्यावर तिनं मला कारण सांगितलं. वडील आजारी असताना ती महिनाभर त्याच हॉस्पिटलमध्ये होती. पावसाळ्याचे दिवस. भेटायच्या वेळेशिवाय नातेवाइकांना आत घेत नाहीत, म्हणून सगळे समोरच्या फुटपाथवर. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. "आणि दादा, एक्स-रे भिजू नये म्हणून मी तो पोटाशी धरून वाकून उभी राहायची. समोर इतकी दुकानं, पण उभं राहू द्यायचं नाव नाही. कुणी म्हणायचं शटर सोडा, कुणी म्हणायचं गिऱ्हाईक अडतंय. मेढ्यात पावसात वाटसरू आला तर पडवीत उभा राहतो, कुणाला विचारत बसत नाही. मला ती पडवी पाहिजे. ती गेली तर मग मी काय नुसती खिडक्या मोजायला आर्किटेक्ट झाले?"

तिचे डोळे भरले होते. मला असं कुणी समोर रडलं की राग येतो, कारण मग कामाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, "बरं, काय पाहिजे तुला?"

"पाऊस," ती म्हणाली.

आता सांगलीच्या माणसाकडून पावसाचं चित्र मागणं म्हणजे जरा गंमतच. आमच्याकडं पाऊस पडतो तो नाइलाज झाल्यासारखा. आमच्याकडं येतो तो पूर, आणि तोही दुसरीकडं पडलेल्या पावसाचा. तिकडं डोंगरात बदाबदा कोसळतं, आमच्याकडं कोरडं आभाळ असतं आणि पाणी दारात येतं. पण मी शब्द दिला होता.

सगळ्यात आधी सूर्य काढून टाकला. हे वाचायला मोठं वाटतं, पण एक बटण आहे. त्याच्या जागी ढगाळ आभाळाचा सगळीकडून काढलेला गोल फोटो इमारतीभोवती लावला, म्हणजे उजेड एका बाजूनं न येता सगळ्या आभाळातून झिरपतो. लोकांना वाटतं ढगाळ दिवशी सावली नसते. असते. फक्त तिला कड नसते. गाडीच्या खाली, खांबाच्या पायाशी, उंबऱ्याच्या खोबणीत ती गडद साचते आणि तिथून हळूहळू विरत जाते. तेवढी जर नीट आली नाही तर गाड्या, माणसं, झाडं सगळं जमिनीच्या वर तरंगतंय असं दिसतं. पडवीचं तर सोनंच झालं. भुयार गेलं, आत मऊ उजेड शिरला, मागची भिंत, बाकडं, दुकानाचं दार सगळं दिसायला लागलं. मी स्वतःवर खूश झालो, आणि मी खूश झालो की काहीतरी चुकतंच.

मग जमीन ओली केली. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो आणि चकाकतो, म्हणून दगडाचा रंग काळपट केला आणि त्याचा खरखरीतपणा कमी केला. कमी केला, आणखी कमी केला, आणि मग मोह आवरेना. शून्यावर आणला. दगडाचे उंचसखल बारकावेही काढून टाकले. काय प्रतिबिंब आलं म्हणून सांगू! अख्खी इमारत खाली उलटी, खिडकी न् खिडकी दिसते. वर तिरक्या रेघा मारून धो धो पाऊस घातला. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण कपडे आत घ्या असं वाटतंय." मी ते कौतुक समजलो.

मालकांच्या ऑफिसात पडद्यावर चित्र लावलं. आर्किटेक्टनं माझ्याकडं पाहिलं, मी विजयी मुद्रेनं मालकांकडं पाहिलं. मालक खुर्चीत पुढं सरकले, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले आणि वहिनींना म्हणाले, "कुठवर आलंय गं?"

वहिनी म्हणाल्या, "दुकानात शिरलंय. पडवीत बी हाय की."

"वरच्या मजल्याला न्हाई ना?"

"न्हाई. पर गाड्या गेल्या."

दोघांनी मिळून त्या चित्रातल्या पाण्याची पातळी काढली. गेल्या मोठ्या पुराला मालकांच्या जुन्या घरात पाणी कुठवर होतं, फ्रीज माळ्यावर कसा चढवला, मग माळाच कसा भिजला, सगळं निघालं. चहा देणारा माणूसही थांबला आणि त्यानं आपल्या गल्लीची पातळी सांगितली. मी दोनदा म्हणालो, "आवं मालक, हा पाऊस आहे. ओला फुटपाथ आहे." वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भावजी, आमाला कळतंय. पर घर घ्यायला येणाऱ्याला असलं दाखवून चालंल व्हय? बुडालेली बिल्डिंग कोण घील?"

मिरजेच्या त्या रस्त्यावर पुराचं पाणी कधी आलेलंच नव्हतं. पण चित्र बघणारे डोळे सांगलीचे होते, आणि सांगलीच्या डोळ्यांना सलग चकाकणारी जमीन दिसली की पूर दिसतो. त्यात मी पडवीतला दगडही ओला केला होता. बाहेरचा आणि आतला दगड एकच, म्हणून मी दोन्हीला एकच ओलं रूप दिलं होतं. पाणी स्लॅबखालून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलेलं. जिथं माणसानं पावसापासून आडोसा घ्यायचा, तीच जागा मी बुडवली होती.

मालकांनी गाळ्यांचा विषय पुन्हा काढला. "पुढच्या आठवड्यात नकाशे मंजुरीला जायचे हायत, तवा ठरवून टाकू."

गाडीत बसल्यावर तिनं माझी जी खरडपट्टी काढली ती इथं लिहिण्यासारखी नाही. थोडक्यात म्हणजे, "दादा, तुम्हाला पाऊस माहितीच नाही. पावसात छपराखाली कोरडं असतं, हे दुसरीतल्या पोराला कळतं!" मी म्हणालो, "मग तूच ये आणि बस शेजारी." ती खरंच आली. साताऱ्याहून सकाळची एसटी पकडून, डबा घेऊन आली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

आधी तिनं माझा पाऊस बंद केला. "इतक्या रेघा कुठं दिसतात? गंज लागलेल्या पत्र्यावर पोरानं खिळा ओढल्यासारखं दिसतंय." रेघा गेल्या. त्याऐवजी लांबची इमारत जरा धुरकट केली आणि डबक्यात थेंबांची वर्तुळं टाकली. त्यानं जास्त पाऊस वाटायला लागला, हे मला कबूल करावं लागलं.

मग फुटपाथ. सलग आरसा मोडला. दगडाला त्याचा खरखरीतपणा परत दिला, म्हणजे प्रतिबिंब फुटलं, लांबट आणि पुसट झालं. खरी आरशासारखी डबकी फक्त दगड जिथं खचलाय तिथं आणि कडेच्या दगडाला लागून, जिकडं उतार आहे तिकडं. आणि जवळच्या दगडात प्रतिबिंब कमी ठेवलं, लांबच्या दगडात जास्त. पायाशी वाकून बघितलं की ओल्या दगडाचा पोत दिसतो, नजर तिरकी होत लांब गेली की चकाकी वाढत जाते. रस्त्याचे पांढरे पट्टे मुद्दाम स्पष्ट दिसू दिले. "पुरात पट्टे दिसत नाहीत ना?" तिनं विचारलं. "न्हाई," मी म्हणालो. या विषयात तरी मी तज्ज्ञ होतो.

अडलं ते पडवीपाशी. आतला दगड कोरडा केला, म्हणजे उजळ आणि निस्तेज. तरी कोरडा दिसेना. कारण कोरडेपणानं दगड उजळतो आणि स्लॅबखालच्या सावलीनं काळवंडतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकत होते, आतबाहेर दगड एकाच रंगाचा. मी उजेड वाढवला तर ढगाळपणा गेला. सावली कमी केली तर स्लॅब हवेत लटकला. दुपारपर्यंत आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. बायको दोनदा दार उघडून बघून गेली.

शेवटी ती म्हणाली, "हॉस्पिटलसमोर पावसात दिवसाढवळ्याच दिवे लावायचे. मला तेच आठवतं, ओल्या फुटपाथवर पिवळे पट्टे पडायचे."

मी पडवीच्या छताला पिवळसर दिवे लावले. चित्र हळूहळू उमटायला लागलं तसे आम्ही दोघंही पडद्यावर वाकलो. बाहेरच्या ओल्या दगडावर प्रत्येक दिव्याचा लांबच लांब ओघळ आपल्या दिशेनं आला होता. आत मात्र त्याच दिव्याखाली दगडावर नुसता मऊ उजेड होता, ओघळ नाही. ओघळ जिथं थांबत होता तिथं कोरडं सुरू होत होतं. ते सांगावं लागत नव्हतं. तरी तिचं समाधान नाहीच. "ही रेघ पट्टीनं मारल्यासारखी नको. पाऊस तिरका येतो, कडेचा वीतभर दगड भिजलेला पाहिजे. आणि आत येणाऱ्यांची ओली पावलं पाहिजेत, आत जातील तशी पुसट होत जाणारी." तीही घातली.

राहिली माणसं. माझं फुग्याचं पोरगं तिनं बघताक्षणी हाकलून लावलं. मग आभाळ भरून आलेलं बघून मी बायकोला फोटो काढायला गच्चीवर नेलं, कारण चित्रात ढगाळ असेल तर माणसाचा फोटोही ढगाळ उजेडातलाच लागतो, नाहीतर नाकाची सावली चुगली करते. तिच्या एका हातात मिटलेली पिवळी छत्री, दुसऱ्या हातात डबा. "कुणाची तरी वाट बघतेयस असं बघ," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्याशी लग्न केल्यापासून तेच करतेय." चित्रात मी तिला पडवीच्या मधोमध, कोरड्यात उभी केली.

पुढच्या बैठकीला मी चित्र लावलं आणि मागं जाऊन बसलो. वहिनी उठून पडद्याजवळ गेल्या. पुराचा शब्द निघाला नाही. त्यांनी आधी पट्टे बघितले, मग डबकं, मग ओली पावलं, आणि पावलांच्या मागोमाग बोट नेत नेत पडवीत पोचल्या. "हितं कोरडं हाय," त्या म्हणाल्या. मग, "माझ्या आईच्या ऑपरेशनला आमी समोरच हुतो की. लय भिजलो त्यावेळी." आणि मालकांकडं वळून, "गाळं-बिळं काय नको. ह्ये असंच ऱ्हाऊ द्या. आन् ह्योच फोटो लावा."

मालक म्हणाले, "मेडिकल?"

"मेडिकल मागं घ्या."

बाहेर आल्यावर आर्किटेक्टनं जिन्यातच माझा हात घट्ट धरला आणि ती ओक्साबोक्शी रडली. या वेळी मला राग आला नाही.

चित्र फलकावर लागलं आणि गाजलं. आजूबाजूच्या उन्हाळी फलकांत तेवढंच एक ओलं होतं, आणि मिरजेच्या उन्हात लोक त्याच्याकडं बघत उभे राहायचे. फ्लॅट गेले. मालकांनी माहितीपत्रकावर छापलं, 'माणुसकीचा आडोसा'. त्यानंतर मला तिघा बिल्डरांचे फोन आले, "तसा पाऊस आमच्या बी बिल्डिंगला घाला." एकाची इमारत तर दुष्काळी जतमध्ये होती.

इमारत झाली. पडवी झाली, दगड झाला, दिवे लागले. मालकांना चित्राचा एवढा अभिमान की त्यांनी ते चित्र मोठं करून पडवीच्याच मागच्या भिंतीवर कायमचं लावलं.

परवा श्रावणात मिरजेला गेलो होतो. आर्किटेक्टलाही तिकडं काम होतं, हॉस्पिटलपाशी भेटायचं ठरलं. मी रस्त्यावर होतो आणि सर आली. हॉस्पिटलच्या बाजूच्या फुटपाथवर नातेवाइकांची गर्दी, कुणी डबा पदराखाली घेतलेला, कुणी पाकीट शर्टात घातलेलं. मी नेमका तिथं उभा होतो जिथून चित्रात इमारत दिसते. समोर पडवी. दिव्यांचे ओघळ ओल्या दगडावर माझ्या पायापर्यंत आलेले, आणि कडेला वीतभर भिजून आत सगळं कोरडं. सगळं जिथल्या तिथं. फक्त आडोशाला आलेला माणूस एकही नाही. पडवीच्या खांबाखांबांत साखळी ओवलेली आणि तिला पाटी, 'फक्त रहिवासी व ग्राहकांसाठी'. दगडावर चिखलाचे डाग पडतात म्हणून रहिवाशांनी तक्रार केली होती आणि मालकांनी पहारेकरी बसवला होता. मला भयंकर चीड आली. आणि तरी मी तिथंच भिजत राहिलो, हेही खरं.

ती मागून आली. केस निथळत होते. तिनं साखळी बघितली, पाटी वाचली आणि रस्ता ओलांडून सरळ साखळी उचलून आत गेली. पहारेकरी, उंब्रजकडचेच एक वयस्कर मामा, लगबगीनं उठले. "आवं बाई, हितं न्हाई थांबायचं. मालकांची ऑर्डर हाय."

"बरं," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या चित्राकडं वळली आणि पिवळ्या छत्रीवाल्या माझ्या बायकोवर बोट ठेवलं. "ही कवापासून थांबलीय? आधी हिला घालवा, मग मी जाते."

मामांनी चित्राकडं पाहिलं. बायकोकडं, तिच्या डब्याकडं, दगडावरच्या ओल्या पावलांकडं. मग रस्त्यापलीकडच्या गर्दीकडं पाहिलं. आणि म्हणाले, "ह्या बाई न्हाई जायच्या." त्यांनी खांबाची साखळी काढली, गुंडाळली आणि खुर्चीखाली ठेवली.

गर्दी आधी बिचकली. मग एक म्हातारा डबा सावरत आला आणि मग सगळेच आले. मीही गेलो. दगडावर सगळीकडं ओली पावलं झाली, आत जातील तशी पुसट होत गेलेली. आर्किटेक्ट बायकोच्या चित्राशेजारी उभी राहून केस पिळत होती. मी म्हणालो, "मालक उद्या परत साखळी लावतील."

"लावू देत," ती म्हणाली, "वहिनींना मी आत्ताच फोन करते." आणि पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो.